कोबाल्टची कामं कोण करणार?

बरण्यांवर फक्त आकडे होते. 111, 622, 811. आत सारखीच काळी, बारीक पूड. त्यांच्या डावीकडे एक बरणी होती, तिच्यावर आकडा नव्हता, नुसतं 'एलसीओ' लिहिलेलं. उजवीकडे आणखी दोन बरण्या, एकीवर 'निकेल 95' आणि दुसरीवर 'मँगनीज-रिच'. मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेली, काही वर्षं चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांवर काम केलेली. पुण्यातल्या एका बॅटरी प्रयोगशाळेत नव्याने दाखल झाले तेव्हा या पुडींपासून बटणाच्या आकाराचे कॉइन सेल बनवायचे आणि त्यांची तुलना करायची, एवढंच काम मला सांगितलं गेलं होतं. ज्यांच्या हाताखाली शिकायचं होतं त्या वरिष्ठ संशोधक बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी पहिल्यांदा एवढंच समजावलं की एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट आणि आकडे म्हणजे त्यांचं प्रमाण. 111 मध्ये तिन्ही सारखे. 811 मध्ये निकेलचे आठ भाग, मँगनीजचा एक, कोबाल्टचा एक. डावीकडून उजवीकडे जाताना कोबाल्ट कमी होत जातं आणि शेवटच्या दोन बरण्यांत ते नाहीच.

मला तेव्हा पडलेला प्रश्न अगदी सरळ होता. कोबाल्ट महाग आहे, त्याच्या खाणींबद्दल गंभीर तक्रारी आहेत, आणि ते न घालताही पूड बनते. मग ते आधीच का काढून टाकलं नाही? वीस, दहा टक्के असं पायरीपायरीने उतरत यायला इतकी वर्षं का लागली? या प्रश्नाचं उत्तर मला एका बैठकीत मिळालं नाही. प्रत्येक बरणीने त्याचा एकेक तुकडा दिला.

सुरुवात आकडा नसलेल्या बरणीपासून करायला हवी. एलसीओ म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, LiCoO2. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ऑक्सफर्डला हा पदार्थ कॅथोड म्हणून पुढे आणला आणि 1991 मध्ये सोनीने त्यावर आधारलेली पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात विकायला काढली. त्याच्या वजनात साठ टक्के कोबाल्ट असतं. फोनमधल्या लहानशा सेलला ते परवडतं. गाडीला परवडत नाही, हे मला ताईंनी कागदावर गणित मांडायला लावून पटवलं.

आम्ही 50 किलोवॅट-तासांची एक गाडीची बॅटरी धरली. 111 ची पूड ग्रॅममागे साधारण 160 मिलिअँपिअर-तास देते. सेलचं सरासरी व्होल्टेज 3.7 धरलं तर किलोमागे सुमारे 590 वॅट-तास होतात. म्हणजे त्या गाडीला जवळपास 85 किलो पूड लागते आणि तिच्यात 17 किलो कोबाल्ट येतं. तेच गणित 811 साठी केलं. ती ग्रॅममागे 200 च्या आसपास देते, म्हणून पूड 68 किलो पुरते आणि कोबाल्ट उरतं फक्त 4 किलो. मात्र निकेल 17 किलोवरून 33 किलोवर जातं.

आता यात भाव घालून पाहू. 2018 च्या वसंतात लंडनच्या धातूबाजारात कोबाल्ट टनाला सुमारे 95,000 डॉलरपर्यंत चढलं होतं. त्या भावाने 111 च्या गाडीतलं कोबाल्ट एकटं 1,600 डॉलरचं होतं, तर 811 मधलं 400 च्या आत. पुढच्याच वर्षी भाव एक तृतीयांशाच्या खाली आला. मला चढत्या भावापेक्षा हा झोका जास्त बोलका वाटला. गाडी बनवणारा पाच वर्षांचं नियोजन करतो. एका धातूपायी त्याच्या खर्चात हजार डॉलरचा फरक दोन वर्षांत पडत असेल, तर तो धातू कमी करण्यासाठी तो बराच त्रास सोसायला तयार होईल.

भाव असा का हलतो, त्यामागचं कारण खाणीत आहे. जगात खणल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, आणि तेही मुख्यतः कोल्वेझीच्या आसपासच्या तांब्याच्या पट्ट्यातून. तिथे कोबाल्ट तांब्याबरोबर निघतं. तांब्याला भाव असला की खाण चालते आणि कोबाल्ट आपोआप बाहेर पडतं, कोणाला हवं असो वा नसो. कोबाल्टची मागणी वाढली म्हणून एकट्या कोबाल्टसाठी खाण काढणं मात्र सहसा परवडत नाही. त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये भाव कोसळल्यावर काँगोने कोबाल्टची निर्यातच थांबवली आणि ऑक्टोबरपासून वार्षिक कोट्याची पद्धत आणली. त्याच प्रदेशात हातांनी, आधाराशिवाय खोदलेल्या बोगद्यांत उतरून खनिज काढणारी माणसंही आहेत आणि त्यांच्यात मुलंही सापडल्याचं ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 च्या अहवालात नोंदवलं. माझ्या टेबलावरच्या बरणीशी याचा संबंध आहे हे कळल्यावर ती पूड नुसती पूड राहिली नाही.

तरीही माझा प्रश्न तसाच होता. काढून टाकायला अडचण काय आहे? ताई म्हणाल्या, "आधी कोबाल्ट तिथे करतं काय, ते बघ. मग त्याला काढायच्या गोष्टी करू."

या सगळ्या पुडींची आतली रचना थरांची आहे. घडीच्या पोळीचे पदर डोळ्यांसमोर आणा. एक पदर धातू आणि ऑक्सिजनचा, मग मोकळी फट, मग पुन्हा धातू-ऑक्सिजनचा पदर. त्या फटीत लिथियम राहतं. चार्ज करताना लिथियम फटीतून निघून पलीकडच्या ग्रॅफाइटमध्ये जातं आणि गाडी चालवताना परत येतं. ही ये-जा सुरळीत राहायची तर फट मोकळी हवी आणि धातूने धातूच्या थरातच थांबायला हवं.

निकेलची खोड इथेच आहे. थरात त्याने तीन धन प्रभार घेऊन बसावं अशी आपली अपेक्षा असते, पण त्याचा कल दोन प्रभारांच्या अवस्थेकडे असतो. त्या अवस्थेतला निकेलचा आयन आकाराने लिथियमच्या आयनाच्या बराच जवळ येतो. म्हणून भट्टीत पूड तयार होतानाच काही निकेल लिथियमच्या फटीत जाऊन बसतं आणि वाट अडवतं. कोबाल्टचा आयन लहान असतो, तीन प्रभारांवर तो समाधानी असतो, आणि त्याच्या सोबतीने थर नीट लागतात. शिवाय त्याच्यामुळे वीज थरातून चपळपणे वाहते, म्हणून जलद चार्ज-डिस्चार्जमध्ये सेल कमी दमतो.

हे नुसतं ऐकून मला पटलं नसतं. एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात ते मला दाखवलं गेलं. त्यात 003 आणि 104 या नावांची दोन शिखरं असतात. पहिल्याची तीव्रता दुसऱ्याच्या साधारण 1.2 पटींपेक्षा जास्त असेल तर थर बऱ्यापैकी नीट लागलेत असं समजायचं. हे गुणोत्तर खाली आलं की धातू फटीत घुसल्याची शंका घ्यायची. मी आलेख शेजारी शेजारी ठेवले. 111 मध्ये फरक ठळक होता. कोबाल्टशिवाय बनवलेल्या निकेलच्या एका जुन्या नमुन्यात पहिलं शिखर केविलवाणं खुजं दिसत होतं. सेल लावण्याआधीच, सायकलर सुरू करण्याआधीच, त्या पुडीचं भविष्य आलेखात दिसत होतं.

मग निकेलच का वाढवायचं? कारण चार्ज होताना इलेक्ट्रॉन धातूकडून घ्यावे लागतात, आणि कोबाल्टचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांशी फार जवळच्या ऊर्जेवर असतात. एलसीओमधून निम्म्याहून जास्त लिथियम बाहेर काढू लागलं की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून सुटायला लागतात, ऑक्सिजन अस्थिर होतो आणि रचना ढासळते. म्हणून कागदावर 274 मिलिअँपिअर-तासांची क्षमता असलेल्या एलसीओतून नेहमीच्या वापरात 140-150 च मिळतात. निकेलच्या बाबतीत ही ओढाताण उशिरा येते, म्हणून त्याच व्होल्टेज-मर्यादेत जास्त लिथियम बाहेर काढता येतं. निकेल वाढवलं की दोन गोष्टी एकदम साधतात: कोबाल्ट कमी होतं आणि त्याच वजनात गाडी लांब जाते. कारखानदारांनी 622 आणि 811 ची वाट धरली ती या दुहेरी फायद्यासाठी.

त्याची किंमत मला पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या पत्र्याच्या टेबलावर दिसली. जुलै महिना होता, बाहेर पावसाची झड लागलेली. ताईंनी मुद्दामच 811 ची थोडी पूड उघड्या बशीत ठेवून दिली होती आणि उरलेली सीलबंद पाकिटात कोरड्या कपाटात. काही दिवसांनी आम्ही दोन्हींची स्लरी केली. स्लरी म्हणजे पूड, कार्बनची काजळी आणि पीव्हीडीएफ नावाचा बाइंडर, हे सगळं एनएमपी या द्रावकात घोटून केलेलं काळं मिश्रण. ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पातळ पसरवून वाळवलं की कॅथोड तयार होतो. सीलबंद पुडीची स्लरी पळीवरून धारेने पडत होती. उघड्यावर राहिलेल्या पुडीची दुपारपर्यंत दाट झाली आणि संध्याकाळी भांडं उपडं केलं तरी हलेना. तिचा थर पत्र्यावर पसरणं अशक्य होतं. पुढे 111 ची पूड तशीच उघडी ठेवून पाहिली, तिला फारसं काही झालं नाही.

कारण निकेलच्या त्याच खोडीत आहे. पृष्ठभागावरचं निकेल हवेतल्या दमटपणात दोन प्रभारांकडे सरकतं आणि त्याच्या बदल्यात थोडं लिथियम रचनेतून बाहेर पडतं. बाहेर आलेलं लिथियम पाणी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होऊन बसतं. हे दोन्ही अल्कधर्मी आहेत. अल्कधर्मी वातावरणात बाइंडरमधून फ्लोरिन निसटतं, त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि स्लरी गोठते. पूड किती बिघडली आहे ते ओळखायची रीत सोपी आहे. ठरावीक पूड पाण्यात ढवळून गाळायची, त्या पाण्यात मोजून आम्लाचे थेंब सोडायचे आणि पीएचचा आलेख काढायचा. आलेखाला दोन वळणं येतात, एक पीएच 8 च्या आसपास आणि दुसरं 4-5 च्या दरम्यान. त्या दोन वळणांना लागलेल्या आम्लावरून हायड्रॉक्साइड किती आणि कार्बोनेट किती, हे वेगवेगळं कळतं.

त्या गोठलेल्या काळ्या गोळ्याकडे बघताना मला निकेल-रिच रचनेचा खरा खर्च समजला. कोबाल्टवर वाचवलेले पैसे कारखान्याच्या हवेवर खर्च होतात. अशी पूड हाताळायला अत्यंत कोरड्या खोल्या लागतात आणि त्या कोरड्या ठेवायला चोवीस तास वीज लागते. पूड बनवण्याची भट्टीही बदलते. 111 साधारण 900 अंशांच्या वर, साध्या हवेत, स्वस्त लिथियम कार्बोनेट वापरून भाजता येते. 811 ला इतकी आच दिली तर निकेल ऑक्सिजन सोडून दोन प्रभारांवर येतं. म्हणून तिला 700 ते 800 अंशांत, शुद्ध ऑक्सिजनच्या प्रवाहात भाजतात. लिथियम कार्बोनेट वितळायलाच 723 अंश लागतात, त्यामुळे इथे बरंच आधी वितळणारं लिथियम हायड्रॉक्साइड वापरावं लागतं. म्हणजे धातूंचं गुणोत्तर बदललं की लिथियमचं संयुग, भट्टी, वायू आणि खोलीची हवा, हे सगळंच बदलतं.

सेल चालायला लागल्यावर दुसरा खर्च दिसतो. 811 चा सेल 4.2 व्होल्टच्या आसपास पोहोचतो तेव्हा थरांमधलं अंतर अचानक आक्रसतं. पुडीचा प्रत्येक गोलसर कण हा शेकडो बारीक स्फटिकांचा गोळा असतो आणि ते स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी आक्रसले की कणाच्या आत भेगा पडतात. भेगांत इलेक्ट्रोलाइट शिरतं, नवे पृष्ठभाग खराब होतात आणि क्षमता हळूहळू झडते. जुन्या इलेक्ट्रोडचा छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा 622 चे कण बरेचसे अखंड होते आणि निकेल 95 चे केंद्रापासून बाहेरपर्यंत तडकलेले. याला दोन उपाय आहेत. एक, चार्जिंगची वरची मर्यादा थोडी खाली आणायची, पण मग ज्या क्षमतेसाठी निकेल वाढवलं तीच थोडी सोडावी लागते. दुसरा, गोळ्यांऐवजी सुटे एकस्फटिकी कण वाढवायचे, म्हणजे आतमध्ये तडकायला सांधेच उरत नाहीत. त्यासाठी जास्त तापमान लागतं आणि तेच तर निकेलला सोसत नाही.

आणि उष्णता. पूर्ण चार्ज केलेला कॅथोड इलेक्ट्रोलाइटसह तापवला तर 111 ची जोरदार अभिक्रिया 300 अंशांच्या आसपास होते, 811 ची 230 च्या आसपास. सेल बिघडून तापायला लागला तर मधल्या सत्तर अंशांची उसंत फार मोलाची असते. निकेल-रिच बॅटरीच्या पॅकमध्ये थंड करण्याची व्यवस्था आणि सेलांमधले अडसर जास्त काटेकोर करावे लागतात ते यामुळे.

एवढं पाहिल्यावर माझं मत बदलायला लागलं होतं. कोबाल्टच सगळं सांभाळत होतं, ते काढणं चूक आहे, असं मला वाटू लागलं. तेव्हा ताईंनी मला कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथल्या डलहौसी विद्यापीठातल्या जेफ डान यांच्या गटाचा 2019 चा निबंध वाचायला दिला. त्यात विचारलेला प्रश्न माझ्याच प्रश्नासारखा होता: निकेल भरपूर असलेल्या कॅथोडला कोबाल्ट खरोखर लागतं का? त्यांनी निकेल 95 टक्के ठेवलं आणि उरलेल्या पाच टक्क्यांच्या जागी एकेक धातू बसवून पाहिला. कोबाल्ट, ॲल्युमिनियम, मँगनीज, मॅग्नेशियम. निकाल मला अनपेक्षित होता. थरांचं अचानक आक्रसणं सौम्य करण्यात आणि तापल्यावर इलेक्ट्रोलाइटशी होणारी अभिक्रिया मंदावण्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि मँगनीजचा उपयोग दिसला. कोबाल्टचा तसा काहीच दिसला नाही.

त्या निबंधाने माझा गोंधळ दोन भागांत सुटला. कोबाल्टला मी एकच काम करणारा धातू समजत होते. खरं तर त्याची कामं अनेक, आणि निकेल किती आहे यावर त्यांतली कोणती महत्त्वाची ठरतात ते अवलंबून. 111 मध्ये ते एक तृतीयांश असतं आणि थर लावण्याचं काम मनापासून करतं. निकेल 90 टक्क्यांच्या वर गेलं की उरलेलं थोडंसं कोबाल्ट भेगा आणि उष्णता या मुख्य दुखण्यांवर उपचार करत नाही. ते काम दुसरे धातू चांगलं करतात. मात्र ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम स्वतः इलेक्ट्रॉन देत नाहीत, त्यामुळे ते वाढवले की क्षमता घटते. आणि चपळपणा व थरांची शिस्त यांसाठी अनेक उत्पादक अजून काही टक्के कोबाल्ट ठेवतातच. निकेल 95 ची बरणी कोबाल्टविना चालू शकते, पण तिच्यात थोडं ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, पृष्ठभागावर लेप, काटेकोर भट्टी आणि कोरडी खोली, असे पाच जण मिळून तिचा भार वाहतात.

निकेलच्याही मागे खाण आहेच. आता जगातलं निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियातून येतं, आणि तिथल्या आम्लाने खनिज विरघळवणाऱ्या कारखान्यांत निकेलबरोबर कोबाल्टही निघतं. त्यामुळेच इंडोनेशिया आता काँगोनंतरचा सर्वांत मोठा कोबाल्ट उत्पादक झाला आहे. कोबाल्ट टाळायला निकेलकडे जावं तर निकेल खणताना कोबाल्ट बाहेर येतं. आणि मार्च 2022 मध्ये लंडनच्या बाजारात निकेल एका दिवसात टनाला 1,00,000 डॉलरच्या वर गेलं, बाजाराला व्यवहार रद्द करावे लागले. एका धातूवरचं अवलंबित्व दुसऱ्यावर ढकलल्याने धास्ती संपत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून शेवटच्या बरणीकडे लोक परत वळले आहेत. माझं मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं. डोंगरी बुजुर्ग, चिखला ही मँगनीजच्या खाणींची नावं मी लहानपणापासून ऐकत आले. नागपूरला मुख्यालय असलेली मॉइल ही कंपनी तिथे खणते आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग जुन्या कोरड्या सेलांसाठी होत आला आहे. तेव्हा मँगनीज-रिच बरणी मला थोडी आपली वाटली. मात्र ताईंनी लगेच जमिनीवर आणलं. लिथियम बॅटरीच्या कॅथोडला खनिज चालत नाही, अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागतं, आणि जगातलं त्याचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादन चीनमध्ये होतं. जमिनीत धातू असणं आणि बॅटरीच्या दर्जाचं मीठ हातात असणं यांत एक अख्खा उद्योग आहे.

आमच्या बरणीतला पदार्थ होता Li1.2Mn0.6Ni0.2O2. कोबाल्ट शून्य. निकेलच्या तिप्पट मँगनीज. आणि लिथियम नेहमीपेक्षा जास्त, इतकं की थोडं लिथियम धातूंच्या थरातही बसलेलं. या जातीचे पदार्थ अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत मायकेल थॅकरे आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच दशकांपूर्वी विकसित केले. मी सेल लावला आणि आलेख पाहून गोंधळले. डिस्चार्जची क्षमता ग्रॅममागे 250 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास येत होती.

गोंधळाचं कारण गणित होतं. यात मँगनीज आधीच चार प्रभारांवर आहे, पुढे इलेक्ट्रॉन द्यायला तयार नाही. द्यायचं काम एकट्या निकेलचं. निकेल दोनवरून चारवर जाऊ शकतं, म्हणजे दर अणूमागे दोन इलेक्ट्रॉन, आणि निकेल आहे 0.2. एकूण 0.4 इलेक्ट्रॉन. या पदार्थात पूर्ण एक इलेक्ट्रॉन म्हणजे ग्रॅममागे 315 मिलिअँपिअर-तास. 0.4 चे होतात 126. मग 250 आले कुठून?

"ऑक्सिजनकडून," ताई म्हणाल्या. पहिल्या चार्जमध्ये साडेचार व्होल्टच्या आसपास आलेखाला एक लांब सपाट पट्टा येतो. तिथे इलेक्ट्रॉन चक्क ऑक्सिजन देतो. एलसीओमध्ये ज्याची भीती होती तेच इथे कामाला लावलं आहे. ते जमतं कारण जास्तीच्या लिथियममुळे काही ऑक्सिजनच्या शेजारची जागा वेगळी असते. पण त्याची किंमत मोजावी लागते. थोडा ऑक्सिजन वायू होऊन निघून जातो, पहिल्या चार्जला गेलेलं सगळं लिथियम परत येत नाही, आणि वरचं व्होल्टेज इलेक्ट्रोलाइटला सोसत नाही.

सर्वांत फसवा दोष त्यानंतर येतो. मी आवर्तनांमागून आवर्तनं क्षमतेचा आलेख बघत होते आणि तो फारसा उतरत नव्हता. मला सेल उत्तम वाटत होता. ताईंनी व्होल्टेजचे वक्र एकावर एक ठेवायला लावले. प्रत्येक आवर्तनात वक्र थोडा खाली सरकत होता. समजा सुरुवातीला 250 मिलिअँपिअर-तास आणि सरासरी 3.6 व्होल्ट आहेत, तर किलोमागे 900 वॅट-तास. काही काळाने 240 आणि 3.3 झाले, तर 792. मिलिअँपिअर-तासांत तोटा चारच टक्के, पण ऊर्जेत बारा टक्के. गाडीचं अंतर ऊर्जेवर ठरतं. याला व्होल्टेज घसरणे म्हणतात. ऑक्सिजन गेल्यामुळे थर सैल होतात, धातूचे अणू लिथियमच्या फटीत सरकतात आणि थरांची रचना हळूहळू वेगळ्याच, स्पिनेल नावाच्या मांडणीकडे झुकते. गाडीचा संगणक व्होल्टेज पाहून चार्ज किती उरला ते ठरवतो. व्होल्टेजच घसरत असेल तर त्याचा अंदाज महिन्यागणिक चुकत जातो.

शिवाय थोडं मँगनीज विरघळून इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे ग्रॅफाइटवर जातं आणि तिथला संरक्षक थर बिघडवतं. हे कॅथोड पाहून समजत नाही. सेल आर्गॉन भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये उघडायचा, ग्रॅफाइट खरवडून त्यातलं मँगनीज मोजायचं, तेव्हा कळतं.

तरीही मे 2025 मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी एनर्जी सोल्युशन यांनी जाहीर केलं की मँगनीज-रिच सेल 2028 पासून अमेरिकेत व्यापारी उत्पादनात आणणार. कोबाल्ट जवळपास शून्य, मँगनीज सुमारे 65 टक्के, निकेल 35. त्यांचा दावा असा की चांगल्या एलएफपी सेलच्या तुलनेत खर्च साधारण तोच, ऊर्जा एक तृतीयांश जास्त. तुलना एलएफपीशी, म्हणजे लोखंड-फॉस्फेटच्या कॅथोडशी आहे, हे महत्त्वाचं. एलएफपीत निकेलही नाही आणि कोबाल्टही नाही, आणि 2024 मध्ये जगातल्या विद्युत गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्या त्याच्याच होत्या. कोबाल्ट टाळण्याची सर्वांत रुळलेली वाट तीच. मँगनीज-रिचला स्वतःची जागा मिळवायची तर एलएफपीइतकं स्वस्त राहून जास्त ऊर्जा द्यावी लागेल, आणि ती ऊर्जा सुरुवातीच्या दिवशी नव्हे तर आठव्या वर्षीही.

एक परिणाम मला शेवटी लक्षात आला आणि तो अजून खटकतो. जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत काढणारे उद्योग आजवर मुख्यतः कोबाल्ट आणि निकेलच्या मोलावर चालत आले. लोखंड आणि मँगनीजच्या बॅटऱ्यांत परत मिळण्याजोगं मोल कमी. कोबाल्ट काढल्याने नवी बॅटरी स्वस्त होते आणि जुनी परत घेणं कमी फायद्याचं. ती जबाबदारी मग बाजारावर सोडून चालणार नाही, नियमांनी उचलावी लागेल.

आता 'कोबाल्टमुक्त' असं कुठे वाचलं की मी तीन गोष्टी शोधते. थर नीट ठेवायचं काम कोणाकडे दिलं आहे: ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, मँगनीज, की नुसतं भट्टीच्या काटेकोरपणाकडे? सेल किती व्होल्टपर्यंत चार्ज करून ती क्षमता सांगितली आहे? आणि हजार आवर्तनांनंतरचा आकडा मिलिअँपिअर-तासांत आहे की वॅट-तासांत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी सापडतात. तिसऱ्याचं उत्तर फक्त मिलिअँपिअर-तासांत मिळालं, विशेषतः पदार्थ मँगनीज-रिच असेल, तर मी व्होल्टेजचे वक्र मागते आणि ते मिळेपर्यंत मत बनवत नाही.